एका उभ्या रेषेचा जमाखर्च

समोर एक कोरा ग्राफ पेपर घ्या. शेजारी टोकदार पेन्सिल, कंपास, कोनमापक आणि गुण्या असू द्या. काढायला लगेच सुरुवात करू नका. आधी ज्या मोटरची आकृती काढायची आहे ती डोळ्यांपुढे आणा. समजा, ती तीन फेजची, पाच हॉर्सपॉवरची म्हणजे ३.७ किलोवॉटची इंडक्शन मोटर आहे. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, चार पोल. तिचा सिंक्रोनस वेग मिनिटाला १५०० फेरे.

या मोटरवर दोन चाचण्या झाल्या आहेत. पहिल्या चाचणीत शाफ्ट मोकळा होता. पूर्ण ४१५ व्होल्टला मोटरने ३.५ ॲम्पियर घेतले आणि ४०० वॉट खाल्ले. दुसऱ्या चाचणीत रोटर घट्ट धरून ठेवला होता. तेव्हा नुसत्या १०० व्होल्टला ७.५ ॲम्पियर वाहिले आणि ५०० वॉट लागले. याखेरीज आणखी एकच आकडा हाताशी आहे: चाचणीनंतर वाइंडिंग गरम असतानाच मोजलेला दोन टर्मिनलांमधला रेझिस्टन्स, २.८४ ओहम.

इथे जरा थांबा. एका चाचणीत मोटर काहीच काम करत नाही, कारण तिला लोड नाही. दुसरीतही काहीच काम करत नाही, कारण तिला फिरूच दिलेलं नाही. काम करणारी मोटर आपण पाहिलेलीच नाही, आणि तरी तिचं सगळं वर्तन कागदावर उतरवायचं आहे. हे कशाच्या बळावर?

रोटरकडे जाणारा करंट मनात वेगळा काढा. त्याच्या वाटेत दोन अडथळे आहेत. एक लीकेज रिॲक्टन्स, जो आपण कायम धरतो. दुसरा रेझिस्टन्स, जो स्लिपप्रमाणे बदलतो: मोटर मोकळी पळत असताना तो प्रचंड असतो आणि रोटर अडवला की अगदी थोडा उरतो. रिॲक्टन्सवरचं व्होल्टेज आणि रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज एकमेकांशी नेहमी काटकोनात असतात आणि दोघांची बेरीज सप्लायच्या व्होल्टेजइतकीच भरते. म्हणजे सप्लायचं व्होल्टेज हा कर्ण, आणि उरलेल्या दोन बाजू हव्या तशा लहानमोठ्या होतात. कर्ण कायम, समोरचा कोन कायम काटकोन. मग तो कोपरा कुठे कुठे फिरेल? शाळेत शिकलो तेच: अर्धवर्तुळावर. करंट हा रिॲक्टन्सवरच्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतो, म्हणून त्याचं टोकही अर्धवर्तुळावरूनच सरकतं. १८९४ मध्ये अलेक्झांडर हेलँड याने हे वर्तुळ मांडलं. वर्तुळ ठरवायला परिघावरचे दोन बिंदू आणि त्यांतल्या एकातून जाणाऱ्या व्यासाची दिशा पुरते. दोन चाचण्या पुरतात त्या याचमुळे.

आता पेन्सिल उचला. डाव्या खालच्या कोपऱ्यात मूळ बिंदू ‘म’ घ्या आणि त्यातून वर जाणारी रेषा व्होल्टेजची माना. प्रमाण ठेवा १ सेंटिमीटरला २ ॲम्पियर.

काढण्याआधी एकदा वॉटमीटरकडे बघून घ्या, कारण वर्तुळ बिघडतं ते बहुधा इथेच. दोन वॉटमीटर लावून पॉवर मोजताना पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली गेला की एका मीटरचा काटा उलटा जातो. त्याची जोडणी फिरवून वाचन घ्यायचं आणि ते वजा करायचं. आपल्या नो-लोड चाचणीत एक मीटर ९१७ आणि दुसरा उलटा ५१७ दाखवतो; फरक ४००. चुकून बेरीज केली तर १४३४ वॉट होतात. ३.७ किलोवॉटची मोटर नुसतं फिरायला चौदाशे वॉट खात असेल तर ती हात लावणार नाही इतकी तापायला हवी. मोटर थंड आणि आकडा मोठा, असं दिसलं की वजाबाकी राहून गेली असं समजा. अडवलेल्या रोटरच्या चाचणीतही तेच: ५९६ उणे ९६ म्हणजे ५००.

आता पहिला बिंदू. नो-लोडचा पॉवर फॅक्टर ०.१५९ येतो, म्हणजे कोन जवळजवळ ८१ अंश. उभ्या रेषेपासून उजवीकडे इतका कोन मोजा आणि १.७५ सेंटिमीटरवर ‘न’ मांडा. तो जवळजवळ आडवाच पडलेला दिसेल. मोकळ्या मोटरचा करंट बहुतांश चुंबकत्वासाठीच असतो, हे त्या आडवेपणातच वाचा.

दुसरा बिंदू. १०० व्होल्टला ७.५ ॲम्पियर, तर ४१५ ला ३१.१ ॲम्पियर. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून ५०० वॉटचे ८६११ वॉट. पॉवर फॅक्टर मात्र बदलत नाही: ०.३८५, कोन ६७.४ अंश. या दिशेने १५.५६ सेंटिमीटरवर ‘ब’ मांडा.

‘न’ मधून एक आडवी रेषा काढा. वर्तुळाचा व्यास हिच्यावर आहे. ‘न’ आणि ‘ब’ जोडा, ही आउटपुट लाइन. तिचा लंबदुभाजक आडव्या रेषेला जिथे भेटतो तो केंद्र ‘क’. ‘न’ पासून तो ७.६ सेंटिमीटरवर यायला हवा. कंपास उघडा आणि अर्धवर्तुळ सावकाश फिरवा. ‘न’ मोकळी मोटर, ‘ब’ अडवलेली मोटर, आणि त्या कमानीवर मधे कुठेतरी काम करणारी मोटर.

आता ‘ब’ मधून सरळ खाली ‘म’ च्या पातळीपर्यंत एक रेषा सोडा आणि तिच्यावर वेळ घालवा. तिची लांबी ५.९९ सेंटिमीटर. १ सेंटिमीटर उंची म्हणजे २ ॲम्पियर गुणिले ४१५ गुणिले ३ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १४३८ वॉट. ५.९९ ला १४३८ ने गुणा, ८६११ वॉटच परत मिळतात. आकृतीतली प्रत्येक उभी लांबी वॉटमध्ये वाचता येते, ती यामुळेच. तिला जमाखर्चाची वही समजा: पूर्ण उंची म्हणजे आत आलेली पॉवर, आणि खालून वर खर्चाचे तुकडे.

सर्वांत खालचा तुकडा ०.२८ सेंटिमीटर, हे ४०० वॉट लोखंडात आणि घर्षणात जातात आणि कायम जात राहतात. वरचे ५.७१ सेंटिमीटर म्हणजे तांब्यातला लॉस, आणि तो स्टेटर व रोटरमध्ये वाटायचा आहे. मोटर स्टार असो वा डेल्टा, स्टेटरचा लॉस म्हणजे दीडपट करंटचा वर्ग गुणिले टर्मिनलांमधला रेझिस्टन्स. ७.५ ॲम्पियरला तो २४० वॉट येतो. ५०० मधून तो काढला की रोटरकडे २६० उरतात, म्हणजे ५२ टक्के. म्हणून ‘ब’ पासून खाली २.९७ सेंटिमीटरवर ‘ट’ हा बिंदू ठेवा आणि ‘न’ शी जोडा. ही टॉर्क लाइन.

टॉर्क लाइनपासून वर्तुळापर्यंतची उभी उंची म्हणजे हवेच्या फटीतून रोटरला पोचलेली पॉवर. वेग १५०० चा धरून हिलाच टॉर्क म्हणून वाचतात. तर ही उंची सर्वांत जास्त कुठे असेल? वर्तुळाच्या माथ्यावर असेल असं वाटतं. पण टॉर्क लाइन तिरपी आहे. उजवीकडे जाल तशी खालची जमीन वर येते. म्हणून जास्तीत जास्त उंची माथ्याच्या थोडी अलीकडे, डाव्या बाजूला असते, जिथे वर्तुळाची स्पर्शिका टॉर्क लाइनला समांतर होते. केंद्रातून टॉर्क लाइनवर लंब काढा, तो वर वर्तुळाला त्या बिंदूत छेदेल. तिथून टॉर्क लाइनपर्यंत उभी पट्टी धरा: जवळजवळ ६.१४ सेंटिमीटर. म्हणजे ८८२० वॉट, आणि सेकंदाला १५७ रेडियनने भागले की ५६ न्यूटन-मीटर.

आता पूर्ण लोड. ३७०० वॉट म्हणजे २.५७ सेंटिमीटर. ‘ब’ च्या वर तेवढी उंची वाढवा आणि तिथून आउटपुट लाइनला समांतर रेषा काढा. ती वर्तुळाला दोन ठिकाणी छेदेल. ‘न’ च्या जवळचा छेद घ्या. मोटर स्थिरपणे तिथेच चालते. तो ‘प’. ‘म’ पासून ‘प’ ३.८४ सेंटिमीटर, म्हणजे ७.७ ॲम्पियर. ‘प’ ची पूर्ण उंची ३.१० सेंटिमीटर, म्हणजे ४४५० वॉट आत येतात. ३७०० भागिले ४४५०: कार्यक्षमता ८३ टक्के. इथला टॉर्क २४.७ न्यूटन-मीटर, कमाल टॉर्क त्याच्या सव्वादोनपटीहून थोडा जास्त.

आकडे मिळाले, पण आकृती बाजूला सारू नका. कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं, हेही तिच्याकडेच पाहून ठरतं. पेन्सिलीची जाडी आणि डोळ्याची चूक धरून अर्धा मिलिमीटर कुणाचाही इकडेतिकडे होतो. ६.१४ सेंटिमीटरवर तो एक टक्काही नाही. पण ‘प’ पाशी आउटपुटच्या २.५७ सेंटिमीटरवर तोच दोन टक्के होतो, आणि कार्यक्षमता ८१ ते ८५ च्या मधे कुठेही येते. रोटरचा लॉस तर तिथे जेमतेम १.३ मिलिमीटर आहे. त्यावरून स्लिप मोजणं म्हणजे अंदाजच. म्हणून ‘प’ पाशी पट्टी ठेवून द्या आणि लॉस आकड्यांनी मांडा: कायमचे ४००, स्टेटरचे १६९, रोटरचे १८३. बेरीज ७५२. रोटरच्या १८३ ला रोटरला मिळालेल्या ३८८३ ने भागलं की स्लिप ४.७ टक्के, म्हणजे वेग सुमारे १४२९.

आता उलट बाजू पाहा. कार्यक्षमतेचा बिंदू ७.७ ॲम्पियरवर आहे आणि चाचणी ७.५ ला झाली आहे; तिथे मोटर आपल्या ओळखीची आहे, कच्ची आहे ती फक्त पट्टी. कमाल टॉर्कच्या बिंदूवर करंट सुमारे २२ ॲम्पियर, म्हणजे चाचणीच्या तिप्पट. तिथे पट्टी पक्की आहे, पण लीकेज रिॲक्टन्स कायम राहतो हे गृहीतक डळमळतं. मोठ्या करंटला खाचांच्या तोंडाशी लोखंड संपृक्त होतं आणि रिॲक्टन्स घटतो. खोल बारच्या किंवा दुहेरी पिंजऱ्याच्या रोटरमध्ये आणखी एक गुंता असतो: रोटर अडवला की त्यात ५० हर्ट्झचा करंट असतो आणि तो बारच्या वरच्या भागात दाटतो, त्यामुळे ‘ब’ पाशी मोजलेला रोटरचा रेझिस्टन्स चालत्या मोटरच्या रेझिस्टन्सपेक्षा जास्त भरतो. असा रोटर असेल तर एकच वर्तुळ दोन्ही टोकांना खरं उतरत नाही.

हे तपासायला अडवलेल्या रोटरची चाचणी एकदा १५० व्होल्टला घ्या. थांबलेल्या मोटरला स्वतःच्या पंख्याची हवा मिळत नाही, म्हणून काही सेकंदांत वाचन घेऊन सप्लाय बंद करा. करंट ११.२५ ॲम्पियरच्या आसपास आला तर रिॲक्टन्स टिकून आहे आणि ५६ न्यूटन-मीटरचा आकडा धरून चाला. तो १२ च्या पुढे गेला तर खरं वर्तुळ तुम्ही काढलेल्या वर्तुळापेक्षा मोठं आहे, आणि मोटर आकृती सांगते त्याहून जास्त टॉर्क देईल. मग नव्या वाचनातून ‘ब’ पुन्हा मांडा आणि कमाल टॉर्क त्या वर्तुळावर वाचा. कार्यक्षमता मात्र १०० व्होल्टच्याच चाचणीतून घ्या, कारण ती पूर्ण लोडच्या करंटला झाली होती.