हंटिंगचा हिशेब

पांझरेच्या पलीकडे, धुळ्याच्या देवपूर भागात व्होल्टेज कमी-जास्त होण्याची तक्रार नवी नाही. ज्यांच्याकडे महागडी यंत्रं आहेत, त्यांच्याकडे सर्व्हो स्टॅबिलायझर असतो. डब्याच्या आत एक डिमर, त्याच्या दांड्यावर फिरणारा कार्बन ब्रश आणि तो ब्रश पुढे-मागे नेणारी छोटी मोटर. व्होल्टेज पडलं की मोटर एका दिशेला फिरते, चढलं की दुसऱ्या. कधी कधी मात्र डबा खुळ्यासारखा वागू लागतो: लाइन स्थिर असूनही मोटर उजवी-डावी, उजवी-डावी करत बसते. दुरुस्ती करणारे याला ‘हंटिंग’ म्हणतात आणि एक स्क्रू जरासा फिरवून ते थांबवतात. तो स्क्रू किती फिरवायचा, याचं उत्तर मात्र स्टॅबिलायझर घरोघर येण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या पुढेमागे शोधलं गेलं.

तेव्हाची अडचण अशी होती. नियंत्रणाचं बहुतेक गणित सरळ रेषेचं होतं: दुप्पट द्या, दुप्पट मिळवा. पण रिले तसा नसतो. चूक अर्धा व्होल्ट असो की पाच, तो मोटरला तेवढाच पूर्ण जोर देतो. गिअरच्या दात्यांमधली फटही तशीच. कारखान्यात तिला ‘प्ले’ म्हणतात, पुस्तकात बॅकलॅश. मोटर दिशा बदलते तेव्हा ही फट ओलांडेपर्यंत पुढचा दांडा हलतच नाही. अशा लूपमध्ये ठरावीक मापाचं, ठरावीक वेळेचं, स्वतःहून चालू राहणारं हेलकावणं तयार होतं. तेच लिमिट सायकल.

कीवमध्ये क्रायलोव आणि बोगोलिउबोव यांनी 1930 च्या दशकात एक वाट दाखवली होती: अशा दोलनाची मुख्य लहर धरा आणि बाकीच्या बारीक लहरी सोडून द्या. 1947 साली सोव्हिएत संघात गोल्डफार्ब आणि इंग्लंडमध्ये आर्नल्ड टस्टिन यांनी हीच युक्ती नियंत्रण-लूपला लावली. टस्टिनच्या निबंधाच्या शीर्षकातच बॅकलॅश आहे. तोफा वळवणाऱ्या यंत्रणांवर काम केलेल्या माणसाला गिअरची फट सतावणार, हे ओघानंच आलं. अमेरिकेत राल्फ कोचेनबर्गरनं रिलेवरच्या कामात (1950) या युक्तीला ‘डिस्क्रायबिंग फंक्शन’ हे नाव दिलं. मराठीत त्याला अजून रुळलेला शब्द नाही, आणि खरं तर नसलेलाच बरा. ‘वर्णन फलन’ म्हटल्यानं कोणाला काही उमगत नाही.

युक्तीचं मर्म लहान आहे. रिलेच्या तोंडी साइन लहर दिली तर बाहेर चौकोनी लहर येते. त्या चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेची एक मोठी लहर असते, उंचीच्या 1.27 पट, म्हणजे 4/π. बाकीच्या लहरी तिप्पट, पाचपट वेगाच्या आणि दुबळ्या असतात. त्या पुढे मोटरपर्यंत जातात, पण मोटर आणि ब्रश जड असतात, त्यांना इतकं भराभर हलता येत नाही. यंत्राचा आळसच त्या लहरी गाळून टाकतो. मग रिलेला एक ‘गेन’ देता येतो: हेलकाव्याची उंची A असेल आणि रिलेची उंची M, तर तो 4M/(πA). हेलकावा वाढला की गेन घटतो. त्यामुळे झोका मोठा झाला तर तो आपोआप आटतो, लहान झाला तर फुगतो, आणि मध्ये एका मापावर टिकून राहतो.

एक कल्पित स्टॅबिलायझर घेऊ. मोटर पूर्ण जोरात चालली की व्होल्टेज सेकंदाला 30 व्होल्टनं बदलतं. मोटरला वेग घ्यायला 0.1 सेकंदाची दिरंगाई आणि व्होल्टेज मोजणाऱ्या सर्किटला 0.05 सेकंदाची. अशा लूपमध्ये मागे पडणं 180 अंशांवर पोचतं ते सेकंदाला 14.1 रेडियनवर, आणि तिथे यंत्राचा गेन नेमका 1 होतो. तेव्हा रिलेचा गेनही 1 हवा, म्हणून M 1 धरला तर A म्हणजे 1.27 व्होल्ट. एक आवर्तन 0.44 सेकंदाचं. हे उत्तर किती खरं? तिप्पट वेगाची लहर या यंत्रातून पार होऊन मूळ लहरीच्या 2.3 टक्केच उरते. सगळ्या लहरी धरून, त्सिप्किनच्या पद्धतीनं नेमका हिशेब केला तर आवर्तन 0.455 सेकंद येतं. अडीच टक्क्यांचा फरक. तेवढा कोणीही पदरात घेईल.

आता तो स्क्रू. त्यानं डेड बँड वाढतो, म्हणजे रिले ज्या चुकीकडे डोळेझाक करतो तो पट्टा. पट्टा मध्यापासून दोन्हीकडे d व्होल्ट असेल तर रिलेचा गेन कितीही झालं तरी 2M/(πd) च्या वर जात नाही. तो 1 च्या खाली राहिला की हेलकाव्याला टिकायला जागाच उरत नाही. त्यासाठी d किमान 0.64 व्होल्ट हवा. 230 व्होल्टवर एक टक्का म्हणजे 2.3 व्होल्ट, त्यामुळे एक टक्का अचूकतेच्या डब्यात या हिशेबानं हंटिंग व्हायलाच नको.

तरीही होतं. मोटर आणि ब्रश यांच्यामधले गिअर झिजलेले असतात. फटीनं हालचाल खाल्ली की पहिली लहर मागे पडते. मोटरचा झोका मध्यापासून दोन्हीकडे एका पूर्ण फटीएवढा असेल तर सुमारे 32 अंश. मग उरलेले अंशच यंत्राला भरायचे असतात, म्हणून दोलन मंदावतं: आपल्या उदाहरणात आवर्तन 0.44 वरून 0.84 सेकंदांवर जातं, आणि 0.64 चा पट्टा पुरत नाही. कारागिराला हे डोळ्यांनी ओळखता येतं. ब्रश प्रत्येक टोकाला जरा थबकत असेल आणि तेवढ्यात मोटर फिरत असेल, तर दोष गिअरचा. ब्रश न थबकता गोलसर झुलत असेल तर डेड बँड अरुंद. दोन्हींच्या आधी एक खात्री करावी: डब्याला खात्रीनं स्थिर असलेलं व्होल्टेज द्यावं. तरीही हेलकावे तसेच आणि त्याच वेळात होत असतील तर ते डब्याचे. थांबले तर लाइनच डळमळीत.

युक्तीला टीकाही भोगावी लागली, आणि रास्त. यंत्र आळशी नसेल, वरच्या लहरी गाळत नसेल, तर ती नसलेलं दोलन दाखवते किंवा असलेलं लपवते. 1971 साली बर्गन आणि फ्रँक्स यांनी ती कोणत्या अटींखाली खात्रीची असते ते मांडलं. नियंत्रणात चोवीस वर्षं लोकांनी आधी वापरली, मग पुरावा आला. अभियांत्रिकीत हे नेहमीचंच.

सगळ्यात गमतीचा वळसा 1984 चा. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ऑस्ट्रॉम आणि हेगलुंड यांनी हंटिंग टाळण्याऐवजी मुद्दाम घडवलं. भट्टीला किंवा टाकीला रिले जोडायचा, झोका आणि आवर्तन मोजायचं, आणि 4M/(πA) वरून तो कडेलोटाचा गेन काढायचा, ज्यासाठी आधी झिग्लर-निकोल्सच्या 1942 च्या पद्धतीत लूप हळूहळू अस्थिर होण्याच्या काठावर न्यावा लागे. आता झोक्याचं माप रिलेच्या उंचीनं आधीच बांधलेलं असतं, म्हणून भीती कमी. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पीआयडी कंट्रोलरवर ‘ऑटोट्यून’चं बटण दाबलं की आउटपुट काही वेळ पूर्ण चालू, पूर्ण बंद होत राहतं. तो बिघाड नसतो. कंट्रोलर स्वतःच लिमिट सायकल घडवून मोजत असतो.