आधी ग्रांदे की नंतर ग्रांदे?

इटालियन शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत कुठेतरी एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात ‘उन ग्रांदे उओमो’, अर्थ थोर माणूस. उजव्या रकान्यात ‘उन उओमो ग्रांदे’, अर्थ धिप्पाड माणूस. खाली ‘पोवेरो’ येतं: नामाआधी आलं तर बिचारा, नंतर आलं तर पैशाने गरीब. मग ‘वेक्कियो’: वेक्कियो आमीको म्हणजे जुना दोस्त, आमीको वेक्कियो म्हणजे वयाने म्हातारा झालेला दोस्त. असे दहाबारा शब्द, प्रत्येकाचे दोन अर्थ. विद्यार्थी तक्ता पाठ करतो, परीक्षेत गुण मिळवतो आणि समजून चालतो की ही भाषेची एक लहर आहे, मोजक्या शब्दांपुरती.

माझं या तक्त्याशी भांडण आहे. त्यातली माहिती खरी आहे. पण तो परिणाम दाखवतो आणि कारण झाकतो. इटालियनमध्ये विशेषण कुठे बसतं हा प्रश्न दहाबारा शब्दांचा नाही, जवळजवळ सगळ्याच गुणवाचक विशेषणांचा आहे. या दहाबारा शब्दांत फरक इतका ढळढळीत दिसतो की तो शब्दकोशात नोंदवावा लागतो, एवढंच.

कारण बघायचं तर माणसाऐवजी डोंगराकडे जावं. अब्रुत्सो प्रांतात आपेन्निन पर्वतरांगेतला सर्वांत उंच डोंगरसमूह आहे, ग्रान सास्सो. सास्सो म्हणजे दगड, खडक; ‘ग्रान’ हे ग्रांदेचंच आखूड रूप. या समूहाच्या दोन प्रसिद्ध शिखरांची नावं कोर्नो ग्रांदे आणि कोर्नो पिक्कोलो, म्हणजे मोठं शिंग आणि छोटं शिंग. पहिलं 2,912 मीटर, दुसरं 2,655. एकाच डोंगरावर एकच विशेषण दोन ठिकाणी बसलेलं आहे. शिंगं दोन आहेत, म्हणून त्यातलं कुठलं हे सांगणं भाग आहे. तिथे विशेषण नामानंतर आलं. खडकाच्या बाबतीत ‘छोटा सास्सो’ नावाचा कुणी जोडीदार नाही. तिथे ग्रान निवड करत नाही, त्या प्रचंड धोंड्याकडे बघून जो भाव मनात येतो तो नावालाच चिकटवून टाकतो.

फ्लोरेन्समध्येही हेच सापडतं. आर्नो नदीवरच्या पोन्ते वेक्कियोला जुना पूल म्हणायची गरज पडली ती तेराव्या शतकात शेजारी नवा पूल बांधला गेला तेव्हा. नगरसत्तेचा जुना वाडा ‘पालात्सो वेक्कियो’ झाला तो सोळाव्या शतकात मेदिची घराण्याने आपला मुक्काम नदीपलीकडच्या पित्ती वाड्यात हलवल्यावर. दोन्ही नावांत ‘वेक्कियो’ नंतर येतं, कारण दोन्हीकडे ‘नवा नव्हे, जुना’ असं बोट दाखवायचं होतं. व्हेनिसच्या असंख्य कालव्यांत जो मोठा, तो कनाल ग्रांदे.

तर नामानंतरचं विशेषण बहुधा निवड करतं: अनेकांतला हा. नामाआधीचं विशेषण निवड करत नाही. ते नामातच मुरलेलं असतं, बोलणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं. रोजच्या वाक्यात हे तपासून बघता येतं. घरातल्या खुर्च्या विकल्या असं सांगायचं आहे. ‘ओ वेंदूतो ले वेक्किए सेदिए’ म्हटलं की ऐकणारा समजतो, खुर्च्या होत्या, जुन्या झाल्या होत्या, सगळ्या विकल्या. ‘ओ वेंदूतो ले सेदिए वेक्किए’ म्हटलं की त्याच्या मनात लगेच दुसऱ्या खुर्च्या उभ्या राहतात: जुन्या विकल्या, नव्या घरात आहेत. दुसऱ्या वाक्यानंतर ‘मग बाकीच्यांचं काय?’ हा प्रश्न सहज येतो. पहिल्यानंतर तो विचारला तर विचित्र वाटेल. जुन्या या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे तोच आहे, तरी वाक्यं वेगळी. तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात हे बसत नाही.

मराठीत आपण विशेषण नामाआधीच ठेवतो, त्यामुळे ‘जुन्या खुर्च्या विकल्या’ यातून दोन्ही अर्थ निघतात. फरक करायचाच असेल तर ‘जुन्या होत्या त्या विकल्या’ म्हणतो, नाहीतर ‘जुन्या’वर जोर देतो. इटालियन माणूस हेच काम जागेवर सोपवतो. आपला कान या जागेला बहिरा असतो, म्हणून मराठी विद्यार्थ्याला हा भाग क्रियापदांच्या रूपांपेक्षाही जास्त छळतो.

आता माणसाकडे वळू. ‘ग्रांदे’ नामाआधी आलं की थोर असा अर्थ का होतो? उत्तर नामात आहे. आधी बसलेलं विशेषण त्या नामाच्या आशयाचं माप घेतं. ‘उन ग्रान फुमातोरे’ म्हणजे भरमसाट सिगारेटी ओढणारा. इथे मोठेपणा धूम्रपानाचा आहे, देहाचा नाही. तो इसम काडीपैलवान असला तरी चालेल. ‘उन ग्रान बुज्यार्दो’ म्हणजे अट्टल खोटारडा. त्याच न्यायाने ‘ग्रांदे उओमो’ म्हणजे माणूस म्हणून मोठा, माणूसपणात मोठा. विशेषण नामानंतर गेलं की ते नामाच्या आशयातून सुटतं आणि समोर उभ्या असलेल्या देहाला लागतं. मग तो आडदांड ठरतो, नाहीतर लहान मुलाच्या तोंडी ‘मोठं माणूस’, म्हणजे प्रौढ.

‘बुओनो’ या शब्दाबाबतही असंच होतं. ‘उन बुओन मेदिको’ म्हणजे डॉक्टरकीत चांगला. स्वभावाने खवट असला तरी हे म्हणता येतं. ‘उन मेदिको बुओनो’ म्हटलं की मनाने चांगला हा अर्थ समोर येतो, पण डॉक्टर म्हणून चांगला हा अर्थही पूर्ण जात नाही. व्हेनिसचे भाषावैज्ञानिक ग्वील्येल्मो चिंक्वे यांनी 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द सिंटॅक्स ऑफ ॲडजेक्टिव्ह्ज’ या पुस्तकात नेमकं हेच पद्धतशीर मांडलं आहे: इटालियनमध्ये नामाआधीची जागा एकच अर्थ देते, नामानंतरची जागा दोन्हींना वाव देते. इंग्रजीत याच्या उलट, असंही ते दाखवतात. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात दोन्ही रकाने सारखेच पक्के असल्यासारखे दिसतात. तसे ते नाहीत. डावा रकाना घट्ट आहे, उजवा सैल.

म्हणूनच ‘उन उओमो ग्रांदे’ म्हणजे धिप्पाडच, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर जरा सावध व्हावं. ‘उन उओमो दाव्वेरो ग्रांदे’, खरोखर मोठा माणूस, यात विशेषणाआधी ‘दाव्वेरो’ आलं आहे. असं जोडीच्या शब्दाने वजनदार झालेलं विशेषण बहुधा नामानंतरच जातं, आणि तिथे थोर हा अर्थ खुशाल परत येतो. उलट बाजूला ‘घर’ घ्या. ‘उना ग्रांदे कासा’ आणि ‘उना कासा ग्रांदे’ यांत थोर घर आणि मोठं घर असा फरक होत नाही, कारण घराच्या आशयात मोठेपणा म्हणजे आकारच. फरक उरतो तो सुराचा. घरदलालाशी बोलताना, किती खोल्या हव्यात हे सांगताना, कासा ग्रांदे. वाड्याचं वर्णन करताना ग्रांदे कासा. नाम काय आहे त्यावर अर्थ किती फाकतो हे ठरतं.

नामाआधीच्या जागेचा आणखी एक गुण कानाला थेट ऐकू येतो. तिथे विशेषणं आखडतात. ग्रांदेचं ग्रान होतं, बुओनोचं बुओन, सांतोचं सान. आणि ‘बेल्लो’ तर पुढच्या शब्दाप्रमाणे बेल, बेल्ल, बेइ, बेल्यी अशी रूपं घेतं. ही रूपं हुबेहूब तिथल्या निश्चित उपपदासारखी, म्हणजे इल, ल, इ, ल्यी यांच्यासारखी चालतात. तेच बेल्लो नामानंतर आलं की आपलं पूर्ण रूप परत घेतं. विशेषण आधी आलं की ते उपपदाच्या आणि संख्येच्या शेजारात जातं, अर्धं त्यांच्यासारखं होतं. ‘नुमेरोसे फामील्ये’ म्हणजे पुष्कळ कुटुंबं. ‘फामील्ये नुमेरोसे’ म्हणजे पुष्कळ मुलंबाळं असलेली कुटुंबं. पहिल्यात विशेषण कुटुंबं मोजतंय, दुसऱ्यात कुटुंबाच्या आतली माणसं. ‘चेर्ते नोतीत्सिए’ म्हणजे काही बातम्या, ‘नोतीत्सिए चेर्ते’ म्हणजे पक्क्या बातम्या. वर्तमानपत्रात ही गल्लत झाली तर अफवा आणि खात्रीची खबर यांची अदलाबदल होईल.

रंगांची जागा साधारणपणे नंतर. कपडे, गाडी, दार, सगळ्यांचे रंग निवड करण्यासाठीच सांगितले जातात. पण कवी ‘ला बियांका नेवे’, शुभ्र हिम, असं लिहू शकतो, कारण काळं हिम कुणी समोर ठेवलेलं नसतं. ही सवलत गद्यात बेताने वापरावी लागते. नामाआधी विशेषणं पेरत गेलं की इटालियन गद्य पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकासारखं वाटू लागतं. समारंभाच्या बातमीतलं ‘स्प्लेंदिदा कोर्नीचे’, म्हणजे रमणीय पार्श्वभूमी, हे तर तिथे थट्टेचाच विषय आहे. आपल्याकडच्या ‘निसर्गरम्य परिसरात’चं ते सख्खं भावंड.

डोंगरावरून काढलेला नियम डोंगरातच अडतो, हेही सांगायला हवं. आल्प्समध्ये ग्रान सान बेर्नार्दो आणि पिक्कोलो सान बेर्नार्दो अशा दोन खिंडी आहेत. एक थोरली, एक धाकटी, निवड उघड आहे, तरी विशेषण आधी. इथे मूळ नावच संताचं आहे आणि विशेषनामाच्या पोटात शिरायला विशेषण बिचकतं, असं स्पष्टीकरण मला पटतं. पण अपवाद तो अपवादच. ‘आंतीका रोमा’ आणि ‘रोमा आंतीका’, दोन्ही प्राचीन रोमसाठी चालतात, आणि तिथे निवड आणि गृहीत यांची सीमारेषा शोधत बसण्यात अर्थ नाही.

इटालियन शिकणाऱ्याला माझं सांगणं इतकंच: देश, धर्म, रंग, गोल-चौकोनी असा आकार आणि कारखाना-रेल्वे-सरकार यांच्याशी नातं सांगणारी विशेषणं डोळे मिटून नामानंतर ठेवा. बाकीच्यांबाबत शंका आली तर स्वतःला विचारा, ‘बाकीच्यांचं काय?’ हा प्रश्न इथे कुणी विचारू शकेल का? विचारू शकत असेल तर विशेषण नंतर. तक्ता मग पाठ करायची गरज फारशी उरत नाही.