होकार यंत्राचा, नकार माणसाचा

वॉटर्लूतल्या मराठी घरांत आईवडिलांच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज हा नेहमीचा विषय. कागद चढवले, फी भरली, की तो अर्ज आधी कोण वाचतं? भारत आणि चीनमधून येणाऱ्या ऑनलाइन अर्जांची पहिली चाळणी २०१८ पासून संगणकाकडे आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती कॅनडाबाहेरून येणाऱ्या सगळ्याच व्हिजिटर व्हिसा अर्जांना लागू झाली.

चाळणी अर्जांचे तीन गठ्ठे करते. पहिल्या गठ्ठ्यातल्या अर्जदाराला नियमच 'पात्र' ठरवतात, म्हणजे पाहुणा मुदतीत परत जाईल, खर्च भागवू शकेल, वगैरे. गुन्हे, सुरक्षा, आरोग्य यांची तपासणी आणि अखेरचा शिक्का त्यानंतरही अधिकाऱ्याकडेच असतो. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत पात्रताही अधिकारीच तपासतो. यंत्र कुणाला नाकारत नाही, नाकारण्याची शिफारसही करत नाही.

ही वाटणी सोप्या आणि अवघड अर्जांची वाटते. पण काही नकारही तितकेच सोपे असतील, तेही यंत्राला का देऊ नयेत? कारण 'हो' म्हटल्यावर अर्जदार कारण विचारत नाही. 'नाही' म्हटलं की त्याला कारण द्यावं लागतं, आणि ते त्याच्याच कागदांना धरून असावं लागतं. 'तुमच्यासारख्या अर्जदारांना पूर्वी बहुधा नाकारलं गेलं' हे त्याच्याबद्दलचं कारण नव्हे. नकाराविरुद्ध फेडरल कोर्टात जाता येतं, आणि तिथे कुणाला तरी आपल्या निर्णयाचा जाब द्यावा लागतो. सरकारी यंत्रनिर्णयांविषयीचा २०१९ चा कॅनडाचा निर्देशही परिणामाच्या चार पातळ्या मानतो. वरच्या दोन पातळ्यांवर, म्हणजे परिणाम सहज पुसता येणार नाही तिथे, अखेरचा निर्णय माणसानेच घ्यायचा असतो.

इथवर सगळं न्याय्य वाटतं. आता दोन बहिणींचं काल्पनिक उदाहरण घेऊ. थोरली साताऱ्याची निवृत्त शिक्षिका. तिला पेन्शन आहे, आणि ती मागे एकदा कॅनडाला येऊन वेळेत परतलेली आहे. धाकटी शेतकरी विधवा. पासपोर्ट पहिलाच, उत्पन्न हंगामी, बँकेतली शिल्लक कधी भरती, कधी ओहोटी. धाकटीच्या मुलीचं वॉटर्लूत ऑक्टोबरमध्ये बाळंतपण आहे. खरे नियम खातं उघड करत नाही, पण 'आधी येऊन मुदतीत परतली' असा एखादा नियम असेल, तर थोरली पहिल्या गठ्ठ्यात जाईल. धाकटीला कुणी नाकारलेलं नाही, ती फक्त रांगेत थांबली आहे. व्हिसा डिसेंबरमध्ये हाती आला, तर कागदावर तो होकारच. बाळंतपण मात्र होऊन गेलेलं असेल.

म्हणजे फक्त होकार देणारं यंत्रही काहीतरी वाटतच असतं, ते म्हणजे वाट पाहणं. शिवाय हे नियम जुन्या अर्जांवरच्या निर्णयांतून निघालेले आहेत. पूर्वीच्या अधिकाऱ्यांनी विधवांकडे किंवा शेतकऱ्यांकडे जरा जास्त संशयाने पाहिलं असेल, तर तो संशय त्यांच्या निवृत्तीनंतरही नियमात नोकरी करत राहील.

हे ओळखायचं कसं? पहिल्या गठ्ठ्यातले काही अर्ज मधूनच उचलायचे, यंत्र काय म्हणालं ते न सांगता अधिकाऱ्याला द्यायचे, आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहायची. ही तपासणी आवश्यक आहे, पण ती फक्त चुकीचे होकार पकडते. चुकून मागे राहिलेल्यांसाठी उलटी तपासणी हवी. मागच्या गठ्ठ्यांतल्या कोणत्या प्रकारच्या अर्जांना अधिकारी अखेरीस जवळजवळ नेहमीच होकार देतात? पहिल्यांदाच प्रवास करणाऱ्या आयांचे अर्ज तिथे दिसले, तर त्या विनाकारण थांबत होत्या आणि नियमात त्यांची जागा करायला हवी. फक्त एक मेख आहे. 'हा अर्ज यंत्राने पुढे सोडला नाही' हे अधिकाऱ्याला ठाऊक असेल, तर तो कागद उघडण्याआधीच साशंक होईल, आणि मग त्याचा होकार किंवा नकार ही स्वतंत्र साक्ष उरणार नाही. गठ्ठा कोणता, हे त्याच्यापासून झाकलेलं बरं.

वॉटर्लूत आपल्यापैकी पुष्कळ जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कर्जाचे, विम्याचे, रजेचे अर्ज परस्पर मंजूर करणारे असेच नियम कामाच्या ठिकाणी आपण लिहितो. 'यात नकार देणारी ओळच नाही' असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. नियमाने ज्यांना माणसाकडे पाठवलं, त्यांच्यासाठी तिथे खरोखर वाचायला वेळ असलेला माणूस बसलेला आहे का, आणि तोवर त्यांच्या हातून काय निसटतं, हेही नियम लिहिणाऱ्यानेच पाहायला हवं.