रोजचे एक छायाचित्र आणि रिकामा दिवस

घेतलेला नेम एखादे दिवशी मोडला, तर तो नेम तेथेच संपला असे समजावे काय? आणि संपला नाही असे म्हणावयाचे, तर मोडलेल्या दिवसाचे करावयाचे काय? हे प्रश्न आपल्या आज्यापणज्यांनी व्रतवैकल्यांच्या संबंधात पुष्कळ घोळविले आहेत. आम्हांस मात्र ते एका अगदी लौकिक गोष्टीने पडले. वर्षभर रोज एक छायाचित्र घ्यावयाचे, असा नेम आम्ही ईट येथील आमच्या घरी गुढीपाडव्याच्या दिवशी, म्हणजे ९ एप्रिल २०२४ रोजी धरला. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे ती त्यातील छायाचित्रे चांगली उतरली म्हणून नव्हे, तर त्यांतील एक खोटे होते म्हणून.

आरंभीच एक हिशेब चुकला, तो सांगून टाकतो. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत म्हणजे वर्ष, असे आम्ही धरले होते. पण त्या पाडव्यापासून पुढच्या, ३० मार्च २०२५ च्या, पाडव्यापर्यंत ३५५ च दिवस भरतात. उलट आदल्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे तेच अंतर ३८४ दिवसांचे होते. ज्याला ३६५ चित्रे हवी आहेत त्याने सण पाहून आरंभ खुशाल करावा, शेवट मात्र इंग्रजी तारखेनेच ठरवावा. आम्ही तो ८ एप्रिल २०२५ असा ठरविला.

पहिले तीन आठवडे उत्साहाने पार पडले. सूर्योदय झाला, कडुनिंबाचा मोहोर झाला, टेकडीवरून दिसणारे गाव झाले. मग एके संध्याकाळी आम्ही मोबाईल हातात घेऊन अंगणात उभे राहिलो, आणि काय टिपावे हे काही केल्या सुचेना. अशा नेमाला पहिला धोका येतो तो येथे. छायाचित्र घेण्यास अर्धे मिनिटही लागत नाही; परंतु जगातील सर्व वस्तूंतून एक निवडावयाची म्हटली की रोज अर्धा तास मनाची ओढाताण होते. तिला कंटाळून माणूस नेम सोडतो आणि वेळ मिळाला नाही असे सांगतो.

यावर दोन उपाय सांगण्यात येतात. एक असा की, विषय अगदी बांधूनच टाकावा: तेच झाड, त्याच दगडावर उभे राहून, त्याच वेळी. असे केल्याने वर्षाअखेर ऋतूंचा पालट फार सुंदर दिसतो; पण परगावी गेलेल्या दिवशी झाड बरोबर नेता येत नाही. दुसरा असा की, विषय मोकळा सोडावा. त्यात वरील ओढाताण आहेच. आम्ही मधला मार्ग काढला. विषय एकच, ‘कामातले हात’. स्थळ मात्र कोठलेही. ज्याचे हात त्याला आधी विचारावयाचे, आणि मुद्दाम हात धरून उभे राहावयास कोणास सांगावयाचे नाही. पुष्कळ माणसे चेहरा टिपू देण्यास संकोचतात, पण हात टिपू देताना हसून होकार देतात, असा अनुभव आला. मग आमच्या भागाचे वर्ष त्या हातांतून आपोआप उलगडू लागले. मृगाच्या सुमारास सोयाबीन पेरणारे हात, श्रावणात खुरपे धरलेले हात, भट्टीवरच्या कढईत खवा सारखा हलवीत असलेले हात, पौषात हुरडा चोळणारे तळवे, आणि पुढे ज्वारी काढताना भेगाळलेली बोटे.

साधेपणाचे आणखी दोन नियम आम्ही केले. दिवसाकाठी कितीही वेळा टिपले तरी राखावयाचे एकच, आणि त्याची निवड त्याच रात्री करावयाची. कारण निवड उद्यावर टाकली की आठवड्याने साठ चित्रांचा ढीग होतो आणि त्या ढिगाची भीती वाटू लागते. राखलेल्या फाईलला तारखेचेच नाव द्यावयाचे, जसे 2024-06-14, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागते आणि सुटलेला दिवस लगेच डोळ्यांत भरतो. दुसरा नियम राखीव विषयाचा. ज्या दिवशी बाहेर पडणे झाले नाही, पाऊस लागला, वीज गेली, की झोपण्यापूर्वी आमच्या वृद्ध आत्याचे हात टिपावयाचे. ती रोज रात्री दिव्याखाली काही ना काही निवडीत बसलेली असे. तांदूळ, तुरीची डाळ, नाही तर वाती वळणे. ही चित्रे आम्हांस हलकी वाटत. ती केवळ खाडा टाळण्यासाठी होती.

२४ जुलै रोजी, म्हणजे नेमाच्या १०७ व्या दिवशी, आत्यालाच एकाएकी धाप लागली. तिला शहरातल्या रुग्णालयात नेले. दिवस तेथे गेला, रात्री उशिरा परतलो, आणि अंथरुणावर पाठ टेकल्यावर आठवले की आज छायाचित्र राहिले. घड्याळात बारा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या शाळेत जाणे झाले. तेथे फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या गुरुजींचा खडू धरलेला हात टिपला. चित्र उत्तम आले. आम्ही त्यास 2024-07-24 असे नाव दिले, आणि संध्याकाळी आणखी एक टिपून ते त्या दिवसाचे केले. साखळी अखंड दिसू लागली.

ही लहानशी लबाडी कोणाचे काय बिघडविते, असे कोणी विचारील. आम्हीही तेव्हा हेच विचारले होते. पण तिचा परिणाम आमच्यावरच झाला. चुकलेला दिवस उद्या भरून काढता येतो हे एकदा कळल्यावर आजच्या दिवसाची निकड गेली. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन दिवस आम्ही असेच भरले, आणि त्यांना तर आजारपणाचे निमित्तही नव्हते. निव्वळ आळस होता.

डिसेंबरात पुतणी सुटीसाठी आली होती. ती चित्रे क्रमाने पाहत असता एकाएकी म्हणाली, “काका, चोवीस जुलैला बुधवार होता ना? मग फळ्यावर गुरुवार कसा?” आम्ही पाहिले. तारीख चौकटीबाहेर राहिली होती, पण कोपऱ्यात वार स्पष्ट दिसत होता. तो नसता तरी लबाडी उघडीच होती. फाईलचे नाव बदलले तरी टिपण्याची खरी वेळ तिच्या पोटात नोंदलेली राहते. (नातलगांस वॉट्सॲपने साधे छायाचित्र पाठविले की त्या प्रतीतून ही नोंद गळते, म्हणून मूळ फाईल जपावी.) पुतणी हसून पुढे गेली. आम्हांस लाज वाटली ती पकडले गेलो म्हणून नव्हे. आत्याच्या आजारपणाचा पहिला दिवस आमच्या वर्षात कोठेच नव्हता. तेथे एक प्रसन्न फळा होता.

या वेळी आम्हांस एका कलावंताच्या वर्षाची आठवण झाली. तैवानात जन्मलेल्या तेहचिंग शिए यांनी न्यूयॉर्क येथे ११ एप्रिल १९८० पासून एक वर्ष दर तासाला, रात्रंदिवस, कारखान्यातील हजेरीच्या घड्याळात कार्ड मारले आणि प्रत्येक वेळी चित्रपटाच्या कॅमेऱ्याने स्वतःची एक चौकट टिपली. आरंभी डोके तुळतुळीत करून घेतले होते, म्हणजे वाढत्या केसांवरून काळ दिसावा. वर्षाचे तास ८,७६०; त्यांतील १३३ हुकले. ते त्यांनी लपविले नाहीत. ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा वेळेपूर्वीच कार्ड मारले गेले, असा हिशेब त्यांनी कामाबरोबरच मांडून ठेवला. तो कागद वाचणाऱ्याचा विश्वास उरलेल्या ८,६२७ तासांवर बसतो, तो या १३३ तासांमुळेच.

येथे व्रत आणि नोंद यांतील भेद ध्यानी येतो. व्रतात खंड पडणे हे न्यून होय. त्याचे प्रायश्चित्त घेऊन ते भरून काढता येते. नोंदीत मात्र खंड हीसुद्धा एक नोंदच असते, आणि ती भरून काढणे म्हणजे ती पुसणे. रोजचे छायाचित्र हे दिसते व्रतासारखे, पण आहे नोंद.

यावर आक्षेप असा की, रिकामे दिवस मान्य केले तर माणूस ते वाढवीतच जाईल. आमचा अनुभव उलट आहे. आम्ही त्या चारही खोट्या नावांच्या फाईली काढून टाकल्या आणि त्या तारखांस एकेक काळी चौकट ठेवून खाली कारण लिहिले. पहिलीखाली ‘आत्या रुग्णालयात; विसरलो’ आणि उरलेल्या तिहींखाली ‘आळस’. ‘आळस’ हा शब्द स्वतःच्या हाताने तीनदा लिहिल्यावर चौथ्यांदा लिहिण्याचे धैर्य होत नाही. भरून काढलेला दिवस फुकट मिळतो, रिकाम्या दिवसाची किंमत मोजावी लागते. शिवाय ज्याला साखळी अखंडच हवी असते तो पहिला खाडा पडताच निराश होऊन नेम टाकतो. ज्याने खाड्यासाठी जागा राखली आहे तो दुसऱ्या दिवशी पुढे चालू लागतो.

माघात आत्या गेली. त्या दिवशी मोबाईल खिशात होता, उजेडही होता. छायाचित्र घेतले नाही. पाचव्या काळ्या चौकटीखाली ‘घेतले नाही’ एवढेच लिहिले आहे. विसरणे, आळसणे आणि न घेणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि कारण लिहिल्याशिवाय त्या तिन्ही काळ्या चौकटी सारख्याच दिसतात.

८ एप्रिलला मोजले तेव्हा चित्रे ३६० भरली आणि रिकामे दिवस ५. त्या ३६० तील ४३ आत्याच्या हातांची निघाली. जी आम्ही अडचणीच्या दिवशी, दुसरे काही सुचले नाही म्हणून, अर्ध्या मनाने टिपली होती ती. घरातील मंडळी आज तेवढीच पुनःपुन्हा मागून पाहतात. त्यांच्या रांगेत २४ जुलैपाशी आले की सगळे क्षणभर थांबतात. तेथे आता फळा नाही, काळी चौकट आहे. आणि ती कशाची, हे कोणास सांगावे लागत नाही.