खालची खाट कोणाची?



मागच्या शिबिरानंतर बऱ्याच घरांतून एकच विचारणा आली, की खालच्या खाटा कोणाला मिळाल्या आणि का. काहींनी थेट विचारलं, काहींनी आडून. एका मावशींनी तर सरळ सांगितलं, "तुमच्या ओळखीच्यांना खाली, आमच्या नशिबी शिडी." त्यांचा राग खोटा नव्हता. म्हणून यावेळी निवासाची सेवा करणारे आम्ही तिघे-चौघे मिळून हे लिहितोय.

सुरुवातीला आम्ही सोपा रस्ता धरला होता. साठीच्या वरचे खाली आणि बाकीचे वर, कागदावर एक रेघ मारली की काम संपलं. ही सवय आपल्याला रेल्वेने लावली आहे, आणि सिकंदराबादकरांना तर रेल्वे घरचीच. दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालयच आपल्या गावात. लोअर बर्थचा कोटा सगळ्यांना तोंडपाठ असतो: पुरुष साठ वर्षांवरचे, स्त्रिया पंचेचाळीसच्या वरच्या, आणि गरोदर बायका. स्लीपरच्या एका डब्यात असे सहा-सात बर्थ राखून ठेवतात. पण त्या कोट्यात एक बारीक अट आहे. तो एकट्याने किंवा कोट्यात बसणाऱ्या दोघांनी काढलेल्या तिकिटालाच लागतो. आजीचं तिकीट नातू-सुनांसोबत एकाच पीएनआरवर काढलं, तर आजी त्या कोट्यात धरली जात नाही. मग देवगिरीत बसल्यावर आपण म्हणतो, "रेल्वेला काही माणुसकीच नाही." रेल्वे तरी काय करणार? तिला लाखो प्रवाशांचं वय आणि लिंग दिसतं, त्यांचे गुडघे दिसत नाहीत.

आम्हाला मात्र दिसू शकत होते. त्रेचाळीस माणसं, बहुतेक मारेडपल्ली, काचीगुडा, तारनाका भागातली, एकमेकांच्या घरी जाणारी. तरी आम्ही वयाची रेघ मारूनच मोकळे झालो, आणि दोन शिबिरांपूर्वी त्याचं फळ मिळालं. चव्वेचाळीस वर्षांच्या एका ताई वरच्या खाटेवर होत्या. रात्री अंधारात उतरताना शिडीची शेवटची पायरी चुकली आणि पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी कळलं, चार महिन्यांपूर्वीच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. फॉर्मवर काय लिहिलं होतं? "काही त्रास नाही."

असं का लिहिलं, हे आम्ही त्यांना नंतर विचारलं. आम्ही तो फॉर्म फॅमिली ग्रुपवर टाकला होता आणि उत्तरंही तिथेच मागवली होती. त्याच ग्रुपात त्यांचे दीर, जाऊ, नणंदेचे यजमान, सगळे. ऑपरेशनची गोष्ट सासरी फारशी बोलायची नाही असं ठरलेलं. आता त्या ग्रुपात काय लिहिणार? कोणाला रात्री चारदा लघवीला उठावं लागतं, कोणाला फीट येते, कोणाची पाळी फार जड जाते, हे कोण लिहील जिथे भाचे-पुतणे वाचणार आहेत? चूक त्या ताईंची नव्हती. प्रश्न आम्ही चुकीच्या ठिकाणी विचारला होता.

नागार्जुन सागर रस्त्यावरचं धम्म खेत्त हे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे. आपली पद्धत त्यांच्याहून वेगळी, पण निवासाच्या बाबतीत दोन गोष्टी तिथून घेण्यासारख्या वाटल्या. तिथे स्त्री-पुरुषांची राहण्या-जेवण्याची सोय पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगळी असते. आणि शारीरिक, मानसिक त्रासाची माहिती प्रत्येकाने अर्जातच, आयोजकांना द्यायची असते. चार नातेवाइकांसमोर नाही.

मग आम्ही बदललं ते असं. फॉर्म ग्रुपवर येणं बंद केलं. भगिनींना एकच सेविका फोन करते, बंधूंना एकच सेवेकरी. आणि आजाराचं नाव विचारतच नाही. विचारायचं ते एवढंच: रात्री किती वेळा उठावं लागतं? चार पायऱ्यांची लोखंडी शिडी अंधारात, अर्धवट झोपेत उतराल का? झोपेत किंवा उठताना कधी चक्कर, फीट, तोल जाणं होतं का? सहा महिन्यांत कुठलं ऑपरेशन? दिवस गेले आहेत का? रात्री घ्यायचं असं काही औषध आहे का, ज्याने सुस्ती येते किंवा लघवी वाढते? "तुम्हाला काय झालंय" याला माणूस "काही नाही" म्हणतो. "रात्री किती वेळा उठता" याला मात्र आकडा सांगतो.

आता मागच्या शिबिराचा हिशेब. शामीरपेटच्या बाजूला घेतलेली जागा, दोन हॉल, प्रत्येकात बारा दुमजली खाटा. म्हणजे हॉलमागे बारा खालच्या, बारा वरच्या. भगिनी आल्या चोवीस, बंधू एकोणीस. फोन झाल्यावर भगिनींमध्ये सात जणी अशा निघाल्या, ज्यांना वर झोपवणं धोक्याचंच: एक पाच महिन्यांची गरोदर, एकीला फीट येते, दोघींची ऑपरेशनं ताजी, तिघींचा तोल जातो. आणखी पाच जणींना रात्री तीन-चारदा उठावं लागतं. झाल्या बारा, खाली जागा संपली. आणि पासष्टीच्या पुढच्या, तब्येतीने ठणठणीत अशा तिघी उरल्या.

खरी घालमेल इथेच झाली. आमच्यातले एक म्हणाले, गरज हाच निकष ना? मग या तिघींना वर पाठवा, त्यांना काही त्रास नाही. त्यातल्या एक, अडुसष्ट वर्षांच्या, स्वतःच म्हणत होत्या, "मी रोज संजीवैया पार्कात चार किलोमीटर चालते, मला वरच द्या." तर्क बिनतोड वाटतो. पण आम्ही थोडं थांबून पाहिलं. अडुसष्ट वर्षांच्या निरोगी बाईचा पाय घसरण्याची शक्यता कदाचित कमी असेल, पण घसरलाच तर? तिशीतली मुलगी पाय मुरगळून घरी जाईल. या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात, कमरेचं हाड मोडलं तर पुढचं सगळं आयुष्य बदलतं. म्हणजे वय हीसुद्धा एक गरजच आहे, फक्त ती रोज जाणवत नाही. त्यामुळे वयाची रेघ आम्ही पुसून टाकली नाही. गरजेनंतरची म्हणून ठेवली.

पण खाटा कुठून आणायच्या? तिकडे बंधूंच्या हॉलमध्ये एकोणीस माणसं आणि खालची खाट लागणारे फक्त सहा. म्हणजे सहा खालच्या खाटा गरज नसणाऱ्यांकडे जात होत्या, आणि इकडे तीन कमी. दोन्ही हॉल वेगळे हे बरोबरच, त्यात तडजोड नाही. पण माणसं इकडची तिकडे करता येत नाहीत म्हणून खाटाही हलवायच्या नाहीत, असं थोडंच आहे? या लोखंडी दुमजली खाटांची वरची खाट चार खुंट्यांवर बसवलेली असते. दोघांनी उचलली की निघते, आणि एका दुमजलीच्या दोन साध्या खाटा होतात. बंधूंच्या हॉलमधल्या दोन दुमजली आम्ही अशा सोडवल्या. भगिनींच्या हॉलला लागून दहा बाय चौदाची सामानाची खोली होती, ती रिकामी केली. सव्वासहा फुटांच्या खाटा एका भिंतीशी दोन, समोरच्या भिंतीशी दोन, मध्ये चार फूट वाट. भगिनींकडे खालच्या खाटा सोळा झाल्या. पंधरा जणींना पुरल्या आणि एक हातची राहिली. बंधूंकडे दहा दुमजली उरल्या, वीस जागा, त्यांचं काहीच अडलं नाही.

कोणी म्हणालं, एवढा खटाटोप कशाला, जमिनीवर गाद्या टाका. सतरंजीवर झोपण्यात आपल्याला कमीपणा नाहीच. पण ज्याचे गुडघे दुखतात, त्याला जमिनीवरून उठणं शिडी उतरण्याइतकंच कठीण. गुडघ्याच्या उंचीची खाट हवी, पाय टेकवून उभं राहता येईल अशी. खाली आणि सोयीचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हालाही एका काकूंना पहाटे तीनला दोघींनी हात देऊन उठवावं लागलं तेव्हा कळलं.

वर राहिल्या नऊ जणी. कोणी कुठली वरची खाट घ्यायची यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. गरज सारखी असेल तिथे चिठ्ठीइतकं स्वच्छ काही नाही. आधी पैसे भरले, देणगी मोठी, सेवेत जुने, यातलं काहीच धरलं नाही. वरच्या खाटेला गादी घालतानाही पाहावं लागतं. जाड गादी घातली की बाजूचा कठडा बुटका होतो. अमेरिकेतल्या नियमात कठडा गादीच्या वर निदान पाच इंच हवा आणि सहा वर्षांच्या आतलं मूल वर झोपवू नये असं आहे. आमच्या दोन खाटांवर जेमतेम तीन इंच उरत होता. पातळ गाद्या आणल्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. तक्रार आली की "साधकाने समभाव ठेवावा, मिळेल ती जागा गोड मानावी" असं आमच्यातलेच कोणी बोलून गेले होते. समभाव ज्याचा त्याने स्वतःच्या मनात ठेवायचा असतो. खाटा वाटणाऱ्याने दुसऱ्याच्या दुखऱ्या गुडघ्याला तो शिकवायचा नसतो. तसं बोललो, त्याबद्दल त्या मावशींची क्षमा मागितली आहे.

आणि एक प्रसंग अजून आम्हाला सुटलेला नाही. एका शिबिराला एकाहत्तर वर्षांचे, पार्किन्सन असलेले काका आणि काकू आले होते. रात्री त्यांना कुशीवर वळवायला, औषध द्यायला कोणीतरी लागतं. आम्ही एक तरुण सेवेकरी शेजारी दिला. काकू म्हणाल्या, "त्यांचं बोलणं आता फक्त मला कळतं." हॉल वेगळे ठेवायचे, त्यामुळे दोघांना दिवसा येऊन रात्री घरी जायला सांगितलं. अल्वालहून रोजची ये-जा. तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. एक वेगळी खोली शोधता आली असती का? सामानाची खोली तेव्हाही होती. आम्हाला ती दिसली नाही.

आणि ती हातची खाट? दुसऱ्या रात्री वरच्या खाटेवरच्या एका मुलीला ताप आला. तिला तिथे हलवलं.

पुढच्या शिबिराचे फोन आठवडाभर आधी येतील. तुमच्या घरात कोणाला रात्रीचा सोबती लागत असेल तर तेही तेव्हाच सांगा, आणि कृपया ग्रुपवर लिहू नका.

आपले,
निवास सेवेतील साधक, सिकंदराबाद