फुलांना पाणी आणि पाच गुण

सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात 120 ते 150 शब्दांच्या उत्तराला 5 गुण असतात : 2 आशयाला, 2 मांडणीला आणि 1 अचूकतेला. 80 गुणांना तीन तास, म्हणजे या उत्तराच्या वाट्याला जेमतेम 11 मिनिटे येतात. एवढ्यात एक माणूस उभा करायचा असतो.

अल्फाँस दोदे यांच्या ‘द लास्ट लेसन’मधले शिक्षक हॅमेल घ्या. प्रश्न समजा असा आहे : शेवटच्या तासाला ते कसे बदललेले दिसतात? बरीच मुले आधी गोष्ट सांगायला लागतात. विद्यार्थी फ्रान्झला उशीर झाला, चौकात गर्दी होती, शाळेत फ्रेंचऐवजी जर्मन शिकवायचा हुकूम बर्लिनहून आला. यातच साठ-सत्तर शब्द संपतात आणि हॅमेल अजून वर्गात आलेलेच नसतात. दुसरी मुले विशेषणे ओळीने मांडतात : प्रेमळ, देशभक्त, शिस्तप्रिय. अशा उत्तरातले हॅमेल हे नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाचे नाव घातले तरी ते बिनचूक बसते. तपासणाऱ्याला उत्तर पोकळ आहे हे तिथेच कळते.

विशेषणाच्या मागे कृती हवी आणि ती गोष्टीतलीच हवी. पहिल्या वीस-पंचवीस शब्दांत थेट उत्तर द्यावे : एरवी ज्यांच्या पट्टीची धास्ती असे, ते हॅमेल त्या दिवशी हळवे आणि स्वतःशी प्रामाणिक झालेले दिसतात. मग तीन पुरावे, प्रत्येकी तीसेक शब्दांत. फ्रान्झ उशिरा येतो, धडा म्हणताना अडखळतो, तरी ते रागावत नाहीत. तपासणीच्या आणि बक्षिसाच्या दिवशीच घालायचा हिरवा कोट ते आज घालून आलेले असतात. या तासाचा मान त्यातून दिसतो. आणि ते कबूल करतात, की मुलांना अभ्यासाऐवजी आपल्या फुलांना पाणी घालायला लावले, मासे पकडायला जायचे म्हणून सुट्टी दिली. उरलेल्या तीस शब्दांत शेवट : कंठ दाटून येतो, बोलवत नाही, म्हणून ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत फ्रान्सचा जयजयकार लिहितात.

कबुलीचा पुरावा मुले हमखास गाळतात. आदर्श शिक्षकाला तो कमीपणा आणेल असे त्यांना वाटते. मला मात्र सगळे उत्तर तिथेच तोललेले दिसते. चाळीस वर्षे एकाच शाळेत शिकवलेला माणूस भाषा हातची जाताना आधी स्वतःची चूक सांगतो. त्याची देशभक्ती खरी वाटते ती यामुळेच. फुलांचे ते वाक्य गाळले की उरतो तो भिंतीवरचा फोटो.

म्हणून शब्द कमी पडायला लागले की हिरवा कोट एका वाक्यात आवरावा, फ्रान्झची शाळेपर्यंतची वाट पूर्ण गाळावी, पण फुलांच्या पाण्याला हात लावू नये. शब्दमर्यादेत काय ठेवले यावरून तपासणाऱ्याला कळते, की मुलाने माणूस वाचला की नुसता धडा.