रांगेत पुढे राहण्याचा हिशेब

सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी फुटली होती. रांगेतल्या लोकांना घाबरट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचा हिशेब बरोबर होता.

समजा, दोन ठेवीदारांनी बँकेत शंभर-शंभर रुपये ठेवले आणि बँकेने ते २०० कर्जाऊ दिले. मुदतीअखेर २४० परत येतील, म्हणजे प्रत्येकी १२०. पण कर्ज मुदतीआधीच विकायची वेळ आली, तर १४०च हाती लागतील. एकटाच काढायला धावला तर त्याला १०० मिळतात आणि मागे राहिलेल्याला ४०. दोघेही धावले तर जो आधी पोचेल त्याला १००, दुसऱ्याला ४०. आधी कोण पोचेल हे नशिबावर, म्हणून सरासरी ७० धरू.

दुसरा थांबणार असेल, तर मीही थांबावे, कारण १२० मिळतात. दुसरा धावणार असेल, तर मीही धावावे, कारण ४० पेक्षा ७० बरे. म्हणजे समतोल दोन आहेत, आणि दोन्ही अंदाज आपापल्या जागी खरे ठरतात. कर्जदार चोख असला तरी केवळ एकमेकांविषयीच्या शंकेने बँक बुडू शकते. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ साली हेच मांडले.

आता ठेवीच्या पूर्ण १०० रुपयांना विमा द्या. दुसरा धावला, तरी थांबणाऱ्याला १०० मिळणारच. धावणाऱ्यालाही १००च, वर रांगेचा त्रास. दुसरा थांबला तर थांबण्याचे १२० आहेतच. धावण्यात कुठेच फायदा उरत नाही, आणि वाईट समतोल नाहीसा होतो. कोणीच धावत नसल्याने विम्याचा पैसाही खर्च होत नाही, हे मला या युक्तीतले सर्वांत सुंदर अंग वाटते.

पण विमा ९० रुपयांचाच असेल तर? दोघेही धावले, तर एकाला १००, दुसऱ्याला ९०, सरासरी ९५. थांबणाऱ्याला ९०. पाच रुपयांच्या फरकाने रांग परत येते. ब्रिटनमध्ये तेव्हा नेमके हेच होते: पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण संरक्षण, पुढच्या ३३,००० पौंडांना ९० टक्के. १७ सप्टेंबरला अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी ठेवींची संपूर्ण हमी जाहीर केली, आणि रांगा ओसरल्या.

मात्र मुळात कर्जच बुडीत असेल, तर २४० हा आकडाच खोटा असतो. तिथे विमा ठेवीदाराला वाचवतो, बँकेला नाही. शिवाय पैसे कधी मिळणार, हाही हिशेबाचाच भाग आहे. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आपल्याकडे विमा एक लाखाचा होता आणि तोही लगेच हाती पडत नव्हता. मर्यादा २०२० मध्ये पाच लाखांवर गेली. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. महिन्याचा किराणा आणि औषधे याच खात्यातून भागवणाऱ्याला मात्र ते ९० दिवसही रांगेत उभे राहायला पुरेसे कारण आहेत.